सोळा पडद्यांवर उणे सतरा

प्रतिभा मॅडमच्या पर्समध्ये कंगवा सापडेलच असं नाही, पण कापलेल्या लग्नपत्रिका हमखास सापडणार. आळेफाट्याजवळच्या एका कॉलेजात त्या बीएस्सी कॉम्प्युटरच्या पोरांना अकरा वर्षं डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती रचून ठेवायच्या रीती, शिकवत होत्या आणि अकरा वर्षांत एकाही पोराला त्यांनी सरळ कीबोर्डाला हात लावू दिला नव्हता. आधी पत्रिका. लॅबचे शिपाई गेणभाऊ लग्नसराई संपली की घरोघरच्या पत्रिका जमवायचे, कात्रीनं पत्त्यांएवढे तुकडे करायचे आणि रबर लावून मॅडमच्या टेबलावर ठेवायचे. तुकड्यांच्या पाठीवर पोरं पेन्सिलीनं लिहायची. पुढच्या बाजूला मात्र कुणाचं तरी ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ शिल्लक असायचंच.

स्टॅकला त्या चळत म्हणायच्या. भाकरीची चळत असते ना, तशी. शेवटी ठेवलेली भाकरी पहिली उचलली जाते, मधली ओढायची नाही. एवढं सांगून झालं की एकाला टेबलापाशी उभं करायचं आणि फळ्यावर कंसांची माळ लिहायची. उघडणारा कंस दिसला की तुकड्यावर लिहून चळतीवर ठेव. बंद होणारा दिसला की वरचा तुकडा उचल आणि जोडी जुळते का बघ. गोल उघडलाय आणि चौकोनी बंद होतोय, तर तिथंच थांब, माळ चुकली. उचलायला तुकडाच नाही, तरी चुकली. आणि माळ संपल्यावर टेबलावर एक जरी तुकडा उरला, तरी चुकलीच.

दरवर्षी कुणीतरी शहाणं निघायचंच. ‘मॅडम, एवढी उठाठेव कशाला? उघडे किती आन् बंद किती ते मोजू की!’ मॅडम जणू याच प्रश्नाची वाट बघत असायच्या. त्या फळ्यावर लिहायच्या: ( [ ) ]. मोज म्हणायच्या. दोन उघडे, दोन बंद, गोल एकास एक, चौकोनी एकास एक. हिशेब चोख! आणि तरी माळ साफ चुकीची, कारण गोल बंद व्हायला येतो तेव्हा चळतीवर चौकोनी बसलेला असतो. ते पोरगं ‘आयला!’ म्हणायचं, मग जीभ चावायचं. मॅडम न ऐकल्यासारखं करायच्या. त्यांना त्या ‘आयला’साठीच शिकवायला आवडायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण तसंच होतं.

बाई मूळच्या आण्याच्या पठारावरच्या, सासर निमगाव सावा. कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो फाट्यावरच्या टायपिंग क्लासमध्ये, तोही झाकून ठेवलेला. मग शिकल्या, लग्नानंतर एमएस्सी केली, प्राध्यापकीची सेट परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली. निघाली तेव्हा सासूबाईंनी, साळुबाईंनी, गल्लीत साखर वाटली, कशाची परीक्षा ते न विचारता. पण नोकरी मात्र तासिका तत्त्वावरच राहिली. म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि कॉलेजच्या रजिस्टरात नाव पेन्सिलीनं. यंदा मात्र पहिल्यांदाच विभागात एक कायमची जागा मंजूर झाली होती. मुलाखती जूनमध्ये. सगळं कॉलेज ती जागा प्रतिभा मॅडमचीच धरून चाललं होतं. गेणभाऊंनी तर खुर्ची पुसून ठेवली होती.

आता घोटाळा कुठं झाला ते ऐका.

जानेवारीत कंसांचं प्रकरण संपलं आणि दुसऱ्याच दिवशी साळुबाई अंगणात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. मंचरच्या दवाखान्यात ऑपरेशन, मग बारा दिवस मुक्काम. प्रतिभा तिथंच कॉटखाली सतरंजी टाकून. वर्गात पुढचा भाग होता पोस्टफिक्सचा, म्हणजे चिन्ह आकड्यांच्या मागून येतं असं गणित. आकडा दिसला की चळतीवर ठेवायचा, चिन्ह दिसलं की वरचे दोन उचलायचे, गणित करायचं, उत्तर पुन्हा चळतीवर ठेवायचं. शेवटी एकच आकडा उरतो, तेच उत्तर. कंस लागतच नाहीत, हीच तर त्यातली गंमत. पोरांचं नुकसान नको म्हणून बाईंनी दवाखान्यातूनच दोन पानं नोट्स लिहिल्या, फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. उदाहरणं दोन: 2 3 + आणि 2 3 + 4 *. उत्तरं पाच आणि वीस. खाली त्यांचं नेहमीचं वाक्य, चौकटीत: ‘आधीचा डावीकडे, नंतरचा उजवीकडे.’

परत आल्यावर त्यांनी विचारलं, “पोस्टफिक्स जमलं का रे सगळ्यांना?” वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला. चारपाच जणांचे पडदे पाहिले, वीस उत्तर येत होतं. अभ्यासक्रम मागं पडला होता, पुढं क्यू, म्हणजे रांगेचं प्रकरण, उभं होतं. त्या पुढं गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पोस्टफिक्सला पत्रिका निघाल्या नाहीत.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक आले ते ऋषी गाडगे, मंचरकडच्या कॉलेजातले. आठ वर्षांपूर्वी हाच ऋषी याच लॅबमध्ये तिसऱ्या बाकावर बसायचा. आता इस्त्रीचा शर्ट, हातात सीलबंद पाकीट. त्याने वाकून नमस्कार केला आणि मॅडम म्हणाल्या, “ये रे ऋषी... या सर, बसा.” दिवसभर त्यांच्या तोंडात हे ‘अरे’ आणि ‘सर’ एकमेकांच्या पायात पाय घालत राहिले.

परीक्षेला अठरा पोरं. प्रश्न दोन: पहिला कंस तपासण्याचा, दुसरा पोस्टफिक्स सोडवण्याचा. पहिल्यात पोरांनी नाव काढलं. ऋषीनं मुद्दाम ( [ ) ] दिलं, एकही फसलं नाही. मग तो दुसऱ्या प्रश्नाकडं वळला. आपल्याकडची ओळ त्यानं प्रत्येकाला टाइप करायला सांगितली: 9 5 1 - 2 * -. पाचातून एक गेला, चार. चार दुणे आठ. नवातून आठ गेले, एक. उत्तर एक यायला हवं.

पहिल्या पडद्यावर आलं उणे सतरा. ऋषीनं गुणपत्रिकेवर फुली मारली. दुसऱ्या पडद्यावर उणे सतरा. तिसऱ्यावर उणे सतरा. सहाव्यानंतर तो चालायचा थांबला, नुसती मान वर करून म्हणू लागला, “तुझं काय आलं? तुझं?” उणे सतरा, उणे सतरा. शेवटी सोळा पडद्यांवर उणे सतरा, एकाचा प्रोग्रॅम चाललाच नाही आणि फक्त संयमच्या पडद्यावर एक. हा संयम फाट्यावरच्या कापड दुकानदार धरमचंदशेठचा नातू, ग्रुपवरचं काही न वाचण्याबद्दल प्रसिद्ध. तो पुस्तकातून शिकला होता.

ऋषीनं पोरांना जागेवर बसायला सांगितलं आणि मॅडमना घेऊन शेजारच्या स्टाफरूममध्ये गेला. दार लावलं.

“मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण ही कॉपी आहे.”

“कॉपी? माझी पोरं?”

“एक-दोघं चुकले तर चूक. सोळा जण चुकले आणि तेही एकाच उत्तरावर, तर कुणीतरी एकानं लिहिलंय आणि पंधरांनी उतरवलंय. मला गैरप्रकार म्हणून अहवाल द्यावा लागेल. सोळा जणांचा निकाल राखून ठेवतील.”

निकाल राखून ठेवतील, म्हणजे वर्ष गेलं. प्रतिभानं मनातल्या मनात मोजलं. त्यातल्या नऊ पोरी होत्या. वर्ष गेलं की पोरीचं काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दोघींच्या घरी तर सोयरीक बघणं आधीच सुरू होतं.

“कंसांचे प्रोग्रॅम बघा,” ती म्हणाली. “चळत रचायला कुणी ॲरे घेतलाय, कुणी लिंक्ड लिस्ट. भरतनं तर प्रत्येक कंसाला वेगळं फंक्शन लिहिलंय, गाढवासारखं. कॉपी करणारी पोरं असली असतात का?”

“कंस स्वतः केले असतील. पोस्टफिक्स उतरवलं असेल. नावं बदलून उतरवणं काही नवीन नाही, मॅडम. मीपण याच बाकांवर बसलोय.”

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या जागी तीही हेच म्हणाली असती. तिला राग आला तो पोरांचा. मेल्यांनो, दवाखान्यातून लिहून पाठवलं, तरी उतरवायची बुद्धी झाली? पण रागाच्या खाली काहीतरी टोचत होतं. उणे सतरा हे आलं कुठून? चुकायचं तर शंभर रीतींनी चुकता येतं.

“एकीला बोलावते,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर. मशीनवर नाही, हातानं करायला लावते.”

श्रेया आली. घाबरलेली, ओढणीचं टोक मुठीत. मॅडमनी पर्समधून पत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “कर. 9 5 1 - 2 * -. मोठ्यानं बोलत कर.”

श्रेयानं नऊ लिहून ठेवला, त्यावर पाच, त्यावर एक. “आता वजा आलं. वरचे दोन काढायचे.” एक उचलला, डावीकडे ठेवला. पाच उचलला, त्याच्या उजवीकडे ठेवला. “एक वजा पाच. उणे चार.” उणे चार चळतीवर, त्यावर दोन. गुणाकार, उणे आठ. मग उणे आठ डावीकडे, नऊ उजवीकडे. “उणे आठ वजा नऊ. उणे सतरा.”

“थांब. एक डावीकडे का ठेवलास?”

“आधी निघाला ना मॅडम.”

“मग?”

“मॅडम, तुमीच तर लिवलं व्हतं नोट्समधी. आधीचा डावीकडं, नंतरचा उजवीकडं. आमी समद्यांनी ते पाठच केलं.”

प्रतिभानं श्रेयाला जायला सांगितलं. खुर्चीवर बसली. हसू आलं तिला, खरंच हसू आलं, आणि मग लाज वाटली, अशी की कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आधीचा. तिच्या मनात ‘आधीचा’ म्हणजे चळतीवर आधी ठेवलेला. पाच आधी आला, एक नंतर, म्हणून पाच वजा एक. वर्गात हे सांगताना ती दोन्ही हात पुढं करायची. वरून पहिला निघालेला तुकडा उजव्या हातात, दुसरा डाव्या हातात, मग फळ्याकडं तोंड करून दोन्ही हात वर धरायची, म्हणजे पोरांनाही डावं-उजवं तसंच दिसायचं. हात दिसत होते म्हणून वाक्य कळत होतं. नोट्सना हात नव्हते. पोरांनी ‘आधीचा’ म्हणजे आधी निघालेला असं धरलं, आणि का नाही धरणार? चळतीत जो आधी ठेवला जातो तोच नंतर निघतो, हे तिनंच तर जानेवारीत त्यांच्या डोक्यात घातलं होतं. वर उदाहरणं दिली ती बेरीज आणि गुणाकाराची. दोन अधिक तीन काय आणि तीन अधिक दोन काय! वजाबाकीचं एक उदाहरण दिलं असतं, तर त्याच दिवशी सोळा मेसेज आले असते.

“सर,” ती म्हणाली, “कॉपी नाही. मी चुकीचं लिहिलं.”

तिनं मोबाइलवरचं पान दाखवलं. ऋषीनं चौकटीतलं वाक्य दोनदा वाचलं.

“पण मॅडम, मलाही तुम्ही हेच वाक्य सांगितलं होतं. माझं कधी चुकलं नाही.”

“तुला फळ्यापाशी उभं करून दाखवलं होतं. ह्यांना फोटो पाठवला.”

ऋषीनं पेनचं टोपण लावलं. मग म्हणाला, “ठीक आहे. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःची चूक शोधून दुरुस्त करायला लावतो. ज्याला जमेल त्याला गुण. कॉपी केलेल्याला जमणारच नाही, म्हणजे माझीही खात्री होईल.” आणि मग जरा आवाज उतरवून, “पण मॅडम, मूळ उत्तरं मी फुल्या मारून बसलोय. सोळा फुल्या खोडून गुण वाढवले, तर अहवालात कारण लिहावं लागणार. तो अहवाल तुमच्या प्राचार्यांकडे जाणार. जूनमध्ये मुलाखत आहे ना तुमची? मुलाखतीला तेच बसणार.”

“हो.”

“काहीतरी गुळमुळीत लिहितो. ‘सूचनांमध्ये संदिग्धता’ वगैरे.”

“कुणाच्या सूचना, असं विद्यापीठ विचारेल. पेपर काढणाऱ्याच्या, की माझ्या? मग पुन्हा चौकशी, पुन्हा पोरांना बोलावणं. नको. आण इकडं.”

तिनं अहवालाचा कागद ओढून घेतला. एक क्षण पेन हातात तसंच राहिलं. अकरा वर्षं पेन्सिलीनं लिहिलेलं नाव शाईनं लिहिलं जाणार होतं यंदा. तिला ती जागा हवी होती. लई हवी होती, खोटं कशाला बोला. मग तिनं लिहिलं: ‘अंतर्गत शिक्षिकेने दिलेल्या लेखी टिपणात आकड्यांच्या क्रमाबाबत चूक होती. त्यामुळे सोळा विद्यार्थ्यांची उत्तरे सारखीच चुकली. गैरप्रकार नाही.’ खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

ऋषीनं खाली आपली सही केली. उठताना पुन्हा वाकून नमस्कार केला, तो मात्र तिला नको होता.

लॅबमध्ये जाऊन त्यानं एवढंच सांगितलं, “तुमचं उत्तर चुकलंय. उत्तर एक यायला हवं. प्रत्येकानं माझ्यासमोर शोधायचं, का चुकलं.” एकेक पोरगं येत गेलं. कुणी पाच मिनिटं घेतली, कुणी पंधरा. श्रेयाला तर पडद्यापाशी पोचेपर्यंतच कळलं होतं. तिनं दोन ओळींची अदलाबदल केली, वरून पहिला निघेल तो उजवा, दुसरा निघेल तो डावा, आणि एक आलं. भरतनं वर आणखी विचारलं, “सर, मग भागाकारातपण आसंच ना?” ऋषीनं त्याला एक गुण जास्त दिला. संध्याकाळी चारपर्यंत सोळाच्या सोळा पडद्यांवर एक होता.

जूनमध्ये मुलाखत झाली. समितीत चार जण, बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ट्री आणि ग्राफ या पुढच्या रचनांबद्दल विचारलं, तिनं सगळं नीट सांगितलं. मग प्राचार्यांनी फायलीतून एक कागद काढला. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही तो कागद काढताना बरं वाटत नव्हतं.

“मॅडम, हे तुमचंच अक्षर?”

“हो सर.”

“यावर काही सांगायचंय?”

“नाही. लिहिलंय तसंच झालं.”

तज्ज्ञांनी कागद वाचला, चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

यादी गुरुवारी लागली. जागा नगरकडच्या एका उमेदवाराला गेली होती. तिचं नाव प्रतीक्षा यादीतही नव्हतं. तासिकांचं काय ते ऑगस्टमध्ये बघू, असं ऑफिसातून कळलं, पण नवे सर पूर्ण वेळ येणार म्हटल्यावर तास उरणार किती हे ऑफिसालाही माहीत होतं आणि तिलाही. गेणभाऊ नोटीस बोर्डासमोर दोनदा येऊन वाचून गेले. “आवं, नाव राह्यलं आसंल छापायचं,” ते म्हणाले. ती म्हणाली, “नाही हो गेणभाऊ.” वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. लॅबमध्ये जाऊन ती कपाटातलं आपलं सामान एका पिशवीत भरायला लागली.

तेवढ्यात दारात गलका झाला. निकालही त्याच दिवशी लागला होता. अख्खा वर्ग आत घुसला, पुढं श्रेया, हातात पेढ्यांचा खोका.

“मॅडम, सगळे सुटलो! भरतसुद्धा!” तिनं पेढा मॅडमच्या तोंडातच घातला. “आता पुढच्या सेमिस्टरला ट्री हाय. तुमीच घेनार ना? दुसऱ्या कुनाचं आमाला कळायचं न्हाई.”

प्रतिभानं पेढा गिळला. “नाही गं. नवे सर येणार आहेत.”

“का? आसं कसं?” श्रेयाचा हात खोक्यावरच थांबला. “मॅडम, काय झालं?”

त्यांच्यापैकी कुणालाही तो कागद माहीत नव्हता. सांगायचं तर आत्ता, दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

“काय झालं म्हणजे?” ती म्हणाली. “तुम्ही पास झालात, ते झालं. आण, अजून एक पेढा दे.”